आजोबांनी आणलेलं चित्र: पावती, लेबल आणि आहेराच्या वहीवरून काढलेला माग

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, कोपरी या भागांतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. घरं रिकामी करताना माळ्यावरून भिंतीवरची घड्याळं, पितळेचे डबे, तसबिरी खाली येतात आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक ठरलेलं वाक्यही येतं: "हे आमच्या आजोबांनी अमक्याकडून घेतलं होतं." हे वाक्य सहसा पूर्ण खोटं नसतं, पण जसंच्या तसं खरंही क्वचितच निघतं. वस्तू कधी, कुणाकडे होती आणि एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, या साखळीला संग्रहालयवाले प्रॉव्हेनन्स म्हणतात. ती शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घरातले कागद आणि वस्तूची मागची बाजू यांवरून बरंच कळतं. मात्र कुठला कागद किती बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ओळखता यायला हवं.

नौपाड्यातल्या एका कुटुंबाचं उदाहरण त्यांच्या परवानगीने, नावं वगळून देतो. चित्र जलरंगातलं, नाशिकच्या घाटाचं. सागवानी फ्रेम, पुढे काच, मागे तपकिरी कागद चिकटवलेला. खालच्या कोपऱ्यातली सही कसरीने खाल्लेली. घरातली समजूत अशी की १९४४ साली आजोबांनी हे चित्र विकत घेतलं. पुरावाही होता. पत्र्याच्या ट्रंकेत घराच्या कागदांबरोबर एक पावती जपून ठेवलेली होती: "१ जलरंग चित्र, फ्रेमसह, रु. ६०-०-०". वर आजोबांचं नाव, १९४४ची तारीख आणि सहाव्या जॉर्जचा चेहरा असलेलं रसीद तिकीट, त्यावर आडवी सही.

पावती खरी आहे का, हे आधी पाहिलं. रक्कम रुपये-आणे-पै अशा तीन घरांत लिहिलेली आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर हे शोभतं. वीस रुपयांच्या वरच्या पावतीला त्या काळी तिकीट लावावं लागे, तेही आहे. राजा त्या काळातलाच आहे. दुकानाच्या पत्त्यात "गिरगांव, मुंबई ४" असं आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्याआधी मुंबईचे पत्ते असेच एक-दोन आकडी विभागाचे असत. "गिरगांव", "दुकानांत" या शब्दांवर जुन्या पद्धतीचे अनुस्वार आहेत. उच्चारात नसलेले अनुस्वार गाळायचा नियम १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी आणला. त्याच्या आधीचा म्हणून दाखवलेला एखादा मराठी कागद सरसकट आजच्या शुद्धलेखनात असेल, तर मी लगेच सावध होतो. उलट बाजूने ही खूण फारशी कामाची नाही, कारण जुन्या वळणाची माणसं १९८०पर्यंत "घरांत" असंच लिहीत होती आणि दुकानदारही जुनी छापील बिलबुकं संपेपर्यंत वापरत. अशा खुणा कागद नक्की कधीचा ते सांगत नाहीत. तो कधीचा असू शकत नाही, एवढंच त्यांच्यावरून कळतं.

पावती या सगळ्यात पास झाली. कागद १९४४चाच वाटतो. घरातल्या मंडळींच्या दृष्टीने प्रश्न इथेच संपला होता.

पण पावती पुन्हा वाचली की जाणवतं, तिच्यात चित्राचं नाव नाही, माप नाही, चित्रकाराचं नाव नाही. "एक जलरंग चित्र" एवढंच आहे. अशी पावती कुठल्याही जलरंगाला जोडता येते. या कामात लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात. कागद अस्सल असणं ही एक गोष्ट आणि तो याच वस्तूचा असणं ही दुसरी. पहिली सिद्ध झाली की दुसरी आपोआप सिद्ध झाल्यासारखी वाटते. म्हणून वस्तूच्या अंगावरच असलेली, तिच्यापासून सुटी न होणारी खूण शोधावी लागते आणि मग कागदातली एखादी गोष्ट त्या खुणेशी जुळते का ते बघावं लागतं.

मोठ्या व्यवहारांतही हेच होतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातली चोळकालीन नटराजाची मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ साली विकत घेतली, तेव्हा सोबत कागदपत्रं होती. मूर्ती कित्येक वर्षांपूर्वीच भारताबाहेर गेली, असं ती सांगत होती. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात हीच मूर्ती देवळात उभी असल्याचे फोटो निघाले, आणि तेही कागदांनी सांगितलेल्या काळाच्या नंतरचे. २०१४मध्ये मूर्ती परत आली. कागद मूर्तीबद्दल काहीही सांगू शकत होते, पण फोटोत मूर्ती स्वतः होती.

आता चित्राची मागची बाजू. इथे घाई केली की नुकसान होतं. तपकिरी कागद फाडण्याआधी, फ्रेम आहे त्या स्थितीत सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत पट्टी ठेवायची. खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत अगदी कडेने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की पुसट पेन्सिलीची अक्षरं आणि दाबून लिहिलेल्या आकड्यांचे खळगे उठून दिसतात. लेबल सोलायचं नाही, सुटत असेल तरी चिकटपट्टी लावायची नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाई खातो. मागचा कागद काढावाच लागला तर एका कडेने ब्लेडने कापायचा, आणि आतून जे निघेल ते कुठल्या थरातून निघालं याची नोंद करत जायचं. थरांचा क्रम हाच पुढे पुरावा होतो. या चित्रात तर सगळी उकल त्या क्रमावरच झाली.

फ्रेमच्या लाकडावर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: "D.S. 31". महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेत किंवा सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. डेड स्टॉक. खुर्ची, टेबल, घंटा, नकाशा, तसबीर, म्हणजे न संपणारी प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवतात आणि तिचा क्रमांक वस्तूवर रंगवतात. हा आकडा वाचल्यावर घरात जरा शांतता पसरली. चित्र शाळेचं असेल तर ते घरी आलं कसं?

तपकिरी कागदाच्या आत पुठ्ठा आणि कागद यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी होती. फ्रेमवाले सैल बसणारं चित्र घट्ट करायला असं काहीतरी कोंबतात. तुकड्यावर जानेवारी १९५२ची तारीख आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बातम्या. याचा अर्थ एवढाच की फ्रेमची पाठ त्या दिवसाच्या आधी बंद झालेली नाही. नंतर कधीही झाली असेल, कारण रद्दी दुकानात कितीही दिवस पडून राहू शकते.

त्याच्याही आत तो पुठ्ठा, ज्यावर चित्र चिकटवलेलं होतं. पुठ्ठ्याच्या पाठीवर एका चित्रसंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनाचं छापील इंग्रजी लेबल, त्यात हाताने भरलेली माहिती. क्रमांक १३७. शीर्षक "घाट ॲट ना", पुढे काही नाही. चित्रकार "मि. व्ही", पुढे काही नाही. किंमत पंचाहत्तर रुपये. लेबलाची उजवी बाजू गेलेली, आणि ती फाटलेली नव्हती. पट्टी धरून कापावी तशी सरळ रेषेत गेली होती, आणि ती रेषा पुठ्ठ्याच्या कडेशी तंतोतंत मिळत होती.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. लेबल पुठ्ठ्याबरोबर कापलं गेलं, म्हणजे ते आधी चिकटवलेलं होतं आणि पुठ्ठा नंतर कापला. पुठ्ठा कशाला कापला असेल? या फ्रेमच्या खोबणीत बसवायला, कारण कापल्यानंतरचं त्याचं माप खोबणीच्या मापाशी जुळतं. चित्रावरही याला दुजोरा होता. हलक्या प्रतीच्या माउंटमधलं, म्हणजे चित्राभोवती लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीतलं, आम्ल कागदावर उतरतं आणि माउंटच्या कडेने तपकिरी रेघ पडते. इथे अशी रेघ होती, पण आजच्या माउंटच्या कडेपासून जवळजवळ एक सेंटिमीटर आत. म्हणजे चित्रावर आधी वेगळा, लहान खिडकीचा माउंट होता. फ्रेमच्या खोबणीत खिळ्यांच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, त्यातली जुनी रांग रिकामी आणि गंजाने काळवंडलेली. या फ्रेममध्ये पूर्वी दुसरंच काहीतरी होतं आणि हे चित्र पूर्वी दुसऱ्याच फ्रेममध्ये होतं.

मग "D.S. 31" कुणाचा? फ्रेमचा. तो आकडा चित्राबद्दल काहीच सांगत नाही. क्रमांक, लेबल, शिक्का काहीही सापडलं की तो नेमका कशावर आहे हे आधी लिहायचं: फ्रेमवर, पुठ्ठ्यावर, कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर की खुद्द चित्राच्या कागदावर. यातलं जे सहज बदलता येतं त्यावरचा पुरावा कच्चा. काच आणि फ्रेम सर्वांत आधी बदलतात.

राहिलं लेबल. प्रदर्शनाचा क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे वर्ष नसेल तर १३७ला काही अर्थ नाही. पण अशा प्रदर्शनांच्या छापील सूची निघत आणि त्यांत क्रमांक, शीर्षक, चित्रकार, माध्यम आणि किंमत दिलेली असे. त्यांचे अंक जुन्या ग्रंथसंग्रहांत आणि संस्थांच्या दप्तरांत मिळतात, सलग मात्र क्वचित. शोधायची पद्धत सरळ आहे. वर्तमानपत्रावरून अंदाजाने १९५२च्या आसपास सुरुवात करायची आणि एकेक वर्ष मागे जात १३७ क्रमांक बघायचा. एका वर्षी तो तैलरंगातलं व्यक्तिचित्र निघाला, एका वर्षी शिल्प. १९४६च्या सूचीत १३७ला जलरंग, नाशिकचा घाट, पंचाहत्तर रुपये आणि "व्ही"ने सुरू होणारं चित्रकाराचं नाव, सगळं एकत्र मिळालं. यातली एकच गोष्ट जुळली असती तर मी ती धरली नसती. नाशिकचा घाट त्या पिढीतल्या असंख्य चित्रकारांनी रंगवलाय. पण क्रमांक, विषय, माध्यम, किंमत आणि आद्याक्षर अशा पाच गोष्टी एका ओळीत जुळणं वेगळं.

आणि आता १९४४च्या पावतीकडे वळा. १९४६ला हे चित्र भिंतीवर विक्रीची किंमत लावून टांगलेलं होतं. आजोबांनी ते १९४४लाच घेतलं असतं तर दोन वर्षांनी ते विकायला कसं असेल? पावती खरी, पण दुसऱ्या चित्राची. ते दुसरं चित्र कुठलं असेल, याचा अंदाज १९६८च्या वाटणीपत्रातून येतो. त्यात "तसबिरी ३" अशी नोंद आहे आणि त्यातली एक धाकट्या भावाकडे नागपूरला गेल्याचं लिहिलंय. वाटणीपत्र, मृत्युपत्र, विम्याची यादी हे कागद लोक फक्त जमीन-दागिन्यांसाठी वाचतात. शेवटच्या पानावरची "किरकोळ सामान" ही यादी आमच्या कामाची.

मग हे चित्र घरात आलं कसं? त्याचं उत्तर आहेराच्या वहीत होतं. आजी-आजोबांच्या लग्नाची वही, पिवळी पडलेली: कुणी किती रुपये, कुणी कुठलं भांडं, कुणी साडी. त्यात एक ओळ: "नाशीक घाट तसबीर १ – नाना".

वहीच्या पहिल्या पानावर लग्नाची तिथी माघ शुद्धातली, शके १८७३. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या हिशोबाने १९५१. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, आणि पौषाच्या मध्याच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं असतं. म्हणून माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे. लग्न फेब्रुवारी १९५२मधलं. हे एक वर्ष इथे निर्णायक होतं. १९५१ धरलं असतं तर जानेवारी १९५२चं वर्तमानपत्र आहेरात दिलेल्या तसबिरीच्या पोटात असणं अशक्य ठरलं असतं. १९५२ धरल्यावर सगळं नीट बसतं: जानेवारीनंतर फ्रेम बंद झाली, फेब्रुवारीत आहेर. गुजराती व्यापाऱ्यांच्या बिलांवर विक्रम संवत असतो, त्याचं वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं. तिथे पुन्हा वेगळा हिशोब. दोन तारखा एकमेकींशी भांडत असतील तर कागद खोटा ठरवण्याआधी पंचांग तपासावं.

आता नाना कोण? घरातल्या आत्यांना शंकाच नव्हती. "अहो, नाना म्हणजे आमचे मोठे काका. सगळे त्यांना नानाच म्हणायचे." हे खरंच होतं, पण काका १९५२ साली कॉलेजात होते. त्यांना नाना म्हणायला लागले ते पुढे, घरात पुतणे झाल्यावर. मराठी घरांत नाना, अण्णा, बापू, ताई ही नावं पदासारखी असतात, माणूस बदलतो आणि नाव राहतं. बायकांचं तर लग्नानंतर आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि अनेकदा पहिलं नावही बदलतं, त्यामुळे एकच बाई तीन कागदांत तीन वेगळ्या बायका वाटतात. म्हणून वहीतला माणूस आजच्या आठवणीवरून ओळखायचा नाही, वहीतल्या शेजाऱ्यांवरून ओळखायचा. ही वही दोन भागांत होती, वरपक्ष आणि वधूपक्ष. नानांची ओळ वधूपक्षात, मावशीच्या खाली आणि आजोळच्या गावच्या नातेवाइकांच्या वर. म्हणजे हे नाना आजीचे मामा. आजीच्या माहेरच्या कागदांत त्यांचं पूर्ण नाव मिळालं, आणि एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच नावाचे चित्रकला शिक्षक दिसतात.

इथे मोह होतो. चित्रकला शिक्षक, शाळेची फ्रेम, प्रदर्शनातलं चित्र: मामांनी १९४६ला प्रदर्शनात चित्र घेतलं आणि भाचीच्या लग्नासाठी शाळेने टाकलेल्या फ्रेममध्ये बसवून दिलं, अशी गोष्ट आपोआप तयार होते. ती शक्य आहे, पण सिद्ध नाही. शाळेचं जुनं डेड स्टॉक रजिस्टर उघडून ३१ क्रमांकासमोर काय लिहिलंय आणि निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू बाद केल्याच्या, रकान्यात तारीख आहे का, ते बघावं लागेल. १९४६ ते १९५२ हे चित्र कुणाकडे होतं, याचा एकही कागद नाही. चित्र मामांकडे थेट आलं की आणखी एखाद्या हातातून, ते कळलेलं नाही.

हे न कळलेलंही लिहून ठेवता येतं. अनेक संग्रहालयांत एक साधी रीत आहे: एका मालकाकडून दुसऱ्याकडे वस्तू थेट गेल्याचा पुरावा असेल तर दोन नोंदींच्या मध्ये अर्धविराम, मध्ये माहिती तुटत असेल तर पूर्णविराम. या चित्राची नोंद त्या रीतीने अशी झाली:

"चित्रकार (प्रदर्शन, मुंबई, १९४६, क्र. १३७, विक्रीस). आजीचे मामा, फेब्रुवारी १९५२पर्यंत; आजी-आजोबा, ठाणे, लग्नाचा आहेर, १९५२; वारसाने सध्याचे मालक."

"१३७, विक्रीस"नंतरचा तो पूर्णविराम घरच्यांना खटकला. "तिथे 'बहुधा मामांनी घेतलं' असं लिहा ना," असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. "बहुधा" हा शब्द एका नकलेत राहतो, दुसऱ्या नकलेत गळतो आणि पुढच्या पिढीला तो पुरावा वाटतो. अंदाज लिहायचाच असेल तर नोंदीच्या खाली, वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणून आणि कशावरून केला ते सांगून.

या सगळ्याने चित्र कुणाचं हे पक्कं होतं का? पूर्णपणे नाही. हा पुठ्ठा १९४६च्या त्या प्रदर्शनात होता, हे जवळजवळ नक्की आहे. पुठ्ठ्यावरचं चित्र नंतर कुणी बदललं नाही ना, हे गोंदाची आणि कागदाची जुनी, न हललेली कड बघून ठरवावं लागतं, आणि ते काम कागदाच्या संवर्धनतज्ज्ञाचं. शैली चित्रकाराची आहे का, हे आणखी वेगळ्या माणसाचं काम. साखळी सलग असली तरी चित्र चांगलं ठरत नाही, आणि साखळी तुटली म्हणून ते चोरीचं ठरत नाही.

कायद्याचं थोडक्यात: १९७२चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. त्यात साधारणपणे १०० वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितं काही अटींवर ७५ वर्षांनी. शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. नाशिकच्या घाटाला अजून तो नियम लागत नाही. पण याच घरात देव्हाऱ्यामागे पितळेची एक मूर्ती आहे, पणजोबांच्याही आधीची म्हणतात. तिच्यासाठी आता घरचे कागद पुन्हा वाचायला घेतलेत, आणि त्यांतला बराच भाग मोडीत आहे.